"तुम्ही लीड केलेल्या प्रोजेक्टबद्दल सांगा": कोल्हापूरच्या शॉपफ्लोअरवरून मुलाखतीला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत तीन-चार वर्षं काढून पुढची नोकरी शोधणाऱ्या इंजिनिअर मुला-मुलींसाठी हे पान आहे. कुणी चाकणला निघालेलं असतं, कुणी बंगळुरूला, कुणी शेजारच्याच मोठ्या फाउंड्रीत. मी स्वतः उत्पादन विभागात आहे आणि मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बऱ्याचदा बसतो. त्यामुळे इथली उदाहरणं फाउंड्रीची आहेत. मशीनशॉप किंवा मेंटेनन्सवाल्यांनी आपापला माल त्या जागी ठेवून वाचावं.

हा प्रश्न विचारून समोरच्याला नेमकं काय हवं असतं?

तुमच्या हातात काम सोपवलं तर तुम्ही काय कराल, हे त्याला बघायचं असतं. "तुम्ही काय कराल?" असं सरळ विचारलं तर प्रत्येकजण शहाण्यासारखं उत्तर देतो. म्हणून तो "तुम्ही काय केलं?" असं विचारतो. घडलेल्या गोष्टीला तारखा असतात, माणसं असतात, अडचणी असतात, आणि त्या खोदून विचारता येतात. रचून सांगितलेली गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला पातळ होते. टेबलाच्या या बाजूला बसलं की ते लगेच कळतं.

स्टार पद्धत म्हणजे काय?

उत्तराचे चार भाग असतात. सिच्युएशन म्हणजे परिस्थिती काय होती. टास्क म्हणजे त्यातलं तुमच्या अंगावर काय आलं, कुठवर पोचायचं होतं आणि कोणत्या अटीत. अ‍ॅक्शन म्हणजे तुम्ही काय ठरवलं आणि काय केलं. रिझल्ट म्हणजे शेवटी काय हाती आलं आणि ते कशावरून म्हणता. याच क्रमाने बोलायचं. भागांची नावं मात्र उत्तरात घेऊ नका. "सर, नाऊ कमिंग टू अ‍ॅक्शन" असं कुणी म्हटलं की आम्ही मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं करतो.

माझ्याकडे लीडरचं पद नव्हतं. मग मी "लीड केलं" असं कसं म्हणू?

पद लागत नाही. एखादी गोष्ट तुमच्या निर्णयाने वेगळी झाली का, आणि ज्यांना तुम्ही हुकूम सोडू शकत नव्हता अशा माणसांनी तुमचं ऐकलं का, या दोन गोष्टी लागतात. शिफ्ट इंजिनिअरच्या हाताखाली कागदावर कुणीच नसतं. तरी प्लॅनिंगवाल्याला पटवून त्याने जॉबचा क्रम बदलून घेतला असेल, तर ते लीड करणंच झालं. याउलट "टीम लीडर" अशी पाटी छातीवर लावून फक्त मिटिंगचे मिनिट्स लिहिणारेही भेटतात.

प्रोजेक्ट कोणता निवडावा?

सगळ्यात मोठा नव्हे, तर ज्याचे बारकावे तुम्हाला तोंडपाठ आहेत तो. नवीन मोल्डिंग लाइन बसवली तेव्हा तुम्ही हजर होतात, म्हणून ती सांगू नका. कोट्यवधीच्या त्या कामात तुमचा निर्णय कोणता, असं विचारलं की गाडी अडते. त्यापेक्षा एकाच पार्टचं रिजेक्शन कमी केल्याची गोष्ट कितीतरी भक्कम ठरते. प्रोजेक्ट गेल्या दोन-तीन वर्षांतला असावा आणि त्यात निदान एक माणूस तुमच्या विरोधात गेलेला असावा. सगळं सुरळीत पार पडलेल्या कामातून तुमच्याबद्दल फारसं कळत नाही.

एक पूर्ण उत्तर दाखवा ना.

दाखवतो. आधी नेहमी ऐकू येणारं उत्तर बघू:

"सर, आमच्याकडे एका पार्टला रिजेक्शनचा फार प्रॉब्लेम होता. कस्टमर कम्प्लेंट येत होत्या. मग आम्ही क्रॉस फंक्शनल टीम केली, ब्रेनस्टॉर्मिंग केलं, फिशबोन काढला, रूट कॉज शोधलं. आणि रिजेक्शन बरंच कमी झालं. मॅनेजमेंट खूश झालं, सर."

यात खोटं काहीच नाही, पण धरायलाही काही नाही. कोणता दोष, किती टक्के, कारण काय निघालं आणि हा मुलगा नेमका कुठे होता? मिसळीत कट भरपूर आणि मटकी शोधावी लागते, तशी गत. आता हेच काम नीट उलगडू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण असं काम फाउंड्रीत खरोखर याच वाटेने जातं.

परिस्थिती अशी: ग्रीन सँडची मोल्डिंग लाइन. ट्रॅक्टरचं एक गिअर हाउसिंग, वजन 18 किलो, महिन्याला 4,000 नग. मार्च ते मे या काळात त्याचं रिजेक्शन 9 टक्के होतं. त्यातले बहुतेक ब्लो होल, वरच्या म्हणजे कोपच्या बाजूचे. काही तर कस्टमरकडे मशीनिंग झाल्यावरच उघडे पडायचे. तीन-चार वाक्यांत एवढं सांगून झालं की थांबायचं. कंपनी कधी स्थापन झाली, किती फर्नेस आहेत, मालक कोण, हे कुणी विचारलेलं नाही.

टास्क: "मी मोल्डिंगचा शिफ्ट इंजिनिअर होतो. प्लांट हेडनी हा पार्ट माझ्याकडे दिला. तीन महिन्यांत रिजेक्शन 5 टक्क्यांच्या खाली आणायचं होतं, आणि नवीन मशीन मिळणार नव्हतं." शेवटची अट महत्त्वाची आहे. सँड कूलर घ्यायला पैसे असते तर या गोष्टीत सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

अ‍ॅक्शन हा उत्तराचा गाभा, त्यामुळे इथे घाई नको. मुलगा सांगतो: "आधी मी दोन आठवडे प्रत्येक रिजेक्ट नगावर मोल्ड कोणत्या तासाला झाला ते खडूने लिहायला लावलं. तेव्हा दिसलं की शिफ्टच्या पहिल्या तीन-चार तासांत ब्लो होल कमी आहेत आणि नंतर वाढतात. सँड लॅबचा रिपोर्ट मात्र रोज चांगलाच होता. मी लॅबमध्ये जाऊन बघितलं, तर सॅम्पल शिफ्टला एकदाच, सुरुवातीला घेत होते. मग दर तासाला मॉइश्चर, कॉम्पॅक्टिबिलिटी आणि वाळूचं तापमान घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला 38 अंशांची वाळू चार तासांनी 55 च्या वर जात होती. गरम वाळूतलं पाणी मिक्सरपासून मोल्डिंगपर्यंत येताना उडतं. वाळू हाताला कोरडी लागली की मिक्सरवरचे मामा अंदाजाने पाणी वाढवायचे. त्यामुळे कधी मॉइश्चर जास्त व्हायचं. मेटल ओतलं की त्या पाण्याची वाफ होऊन ब्लो होल यायचे."

इथवर निदान झालं. बरीच मुलं इथेच थांबतात आणि "मग आम्ही करेक्टिव्ह अ‍ॅक्शन घेतली" म्हणून मोकळी होतात. खरं नेतृत्व याच्या पुढे आहे:

"वाळू का तापते हे बघितलं. हे हाउसिंग जड आहे, मोल्डमध्ये मेटलच्या मानाने वाळू कमी बसते. प्लॅनिंग ते सलग सहा-सात तास लावत होतं, म्हणून तीच वाळू परत परत तापत होती. मी सुचवलं की दोन तास हाउसिंग, मग तासभर हलका ब्रॅकेट, असं आलटून पालटून चालवू. हलक्या जॉबला वाळूला निवायला वेळ मिळतो. प्लॅनिंगचे साहेब तयार नव्हते. पॅटर्न बदलायला दर वेळी पंधरा-वीस मिनिटं जातात, तेवढे मोल्ड कमी पडतात, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी त्यांना सांगितलं की एक आठवडा करून बघू, आणि रोज गेलेले मोल्ड व वाचलेले नग दोन्ही तुमच्याच शीटवर लिहू. पॅटर्न चेंजसाठी पुढचा पॅटर्न आधीच आणून ठेवायला लागलो, वेळ बारा मिनिटांवर आला. आठवड्याअखेर वाचलेले नग जास्त निघाले, मग त्यांनीच प्लॅनमध्ये तो क्रम कायम केला. मिक्सरवर अंदाजाने पाणी घालणं बंद करून कॉम्पॅक्टिबिलिटी बघून घालायचं ठरवलं."

या परिच्छेदात प्लॅनिंगच्या साहेबांचं म्हणणं बरोबर होतं, हे तो स्वतःहून सांगतो. मला असा उमेदवार आवडतो. विरोध करणाऱ्याला मूर्ख ठरवणारा माणूस उद्या आमच्या प्लॅनिंगवाल्याशी कसा वागेल, हे लगेच डोळ्यांसमोर येतं.

रिझल्ट: "जुलै ते सप्टेंबर रिजेक्शन सरासरी 5.2 टक्के राहिलं. टार्गेट 5 चं होतं, ते थोडक्यात हुकलं. उरलेल्यात जास्त दोष कोअरच्या बाजूचे होते, ते काम नंतर कोअर शॉपने घेतलं."

रिझल्ट रुपयांत सांगावा का?

सांगता आला तर सांगा, पण हिशोब बरोबर करा. वरच्या उदाहरणात 4,000 चे 9 टक्के म्हणजे 360 नग. 5.2 टक्के म्हणजे 208. महिन्याला 152 नग वाचले, 18 किलोप्रमाणे साधारण 2.7 टन. आता बरीच मुलं 152 ला कास्टिंगच्या विक्रीच्या दराने गुणतात आणि मोठा आकडा फेकतात. फाउंड्रीतला माणूस समोर असेल तर तो हसतो, कारण रिजेक्ट कास्टिंग भंगारात विकत नाहीत. ते परत फर्नेसमध्ये जातं, धातू तुमच्याकडेच राहतो. वाया जाते ती वीज, मजुरी, कोअर, बाइंडर आणि लाइनचा वेळ. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट लागतात, यावरून विजेचा अंदाज काढता येतो. दोष कस्टमरकडे निघाला असेल तर त्यांचा मशीनिंगचा डेबिट आणि परत आणायचं भाडं वेगळं धरा. कॉस्टिंगवाल्यांनी काढून दिलेला आकडा असेल तर तसं सांगा. नसेल तर नग आणि टन यांवर थांबा, तेवढं पुरतं.

उत्तर झाल्यावर काय विचारतात?

खरी मुलाखत इथून सुरू होते. पहिला घाव हमखास रिझल्टवर पडतो: "मार्च-मे म्हणजे उन्हाळा. जुलै-सप्टेंबर म्हणजे कोल्हापूरचा पाऊस. वाळू आपोआपच गार राहिली असेल. तुमच्यामुळे फरक पडला हे कशावरून?"

प्रश्न रास्त आहे आणि इथे बरेच जण चिडतात किंवा गडबडतात. उत्तर तयार असेल तर ते दोन वाक्यांचं असतं. "सर, आदल्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबरचं रजिस्टर काढलं होतं, तेव्हा 8.4 होतं. म्हणजे पावसाने थोडा फरक पडतो, पण 5.2 पर्यंत नाही. आणि ऑगस्टमध्ये अर्जंट ऑर्डरसाठी एक आठवडा हाउसिंग पुन्हा सलग चालवलं, तेव्हा रिजेक्शन आठच्या आसपास गेलं." दुसरा मुद्दा तर सोन्यासारखा आहे. जुनी पद्धत परत आली आणि दोषही परत आला, याहून चांगला पुरावा शॉपफ्लोअरवर क्वचितच मिळतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये असा एखादा आठवडा लपलेला आहे का ते जुन्या रजिस्टरमध्ये शोधा.

दुसरा प्रश्न सोडून दिलेल्या पर्यायांचा असतो. "सँड सिस्टिममध्ये नवीन वाळू जास्त का नाही घातली?" याला "सुचलं नाही" हेही चालेल, पण "विचार केला होता, वाळू आणि बेंटोनाइट दोन्हींचा खर्च रोजचा वाढला असता आणि जुनी वाळू टाकायचा प्रश्न होता" हे उत्तर आलं की समोरचा पुढे सरकतो.

तिसरा प्रश्न म्हणजे तुम्ही नसताना काय झालं. "तुमची रजा असेल तेव्हा दर तासाचं सॅम्पल कोण घेत होतं?" इथे खूप प्रोजेक्ट कोसळतात. तुम्ही होता तोवर चाललं आणि मग बंद पडलं असेल तर खरं सांगा. पण लॅबच्या चेकशीटमध्ये तासाचा रकाना छापून घेतला होता, प्लॅनमध्ये क्रम घातला होता, असं काही असेल तर ते न विचारता सांगून टाका.

"आम्ही" म्हणायचं की "मी"? "मी मी" केलं तर बढाई वाटते.

आपल्याकडे ही अडचण जास्तच आहे, कारण कोल्हापुरात एकटा माणूसही "आम्ही आलो" म्हणतो. पण ऐकणाऱ्याला काम वाटून कळलं पाहिजे. सोपा नियम असा: ठरवलं कुणी आणि केलं कुणी हे वेगळं सांगा. "क्रम बदलायचं मी सुचवलं, चेंजओव्हर लाइनच्या मुलांनी बारा मिनिटांत बसवला, तासाचं टेस्टिंग लॅबच्या ताईंनी केलं." यात बढाईही नाही आणि लपाछपीही नाही. दुसऱ्याचं श्रेय नेमकं देणाऱ्याच्या "मी" वर विश्वास बसतो.

किती वेळ बोलायचं?

दोन मिनिटं, फार तर अडीच. त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ अ‍ॅक्शनला. वर मी उलगडून दाखवलेलं उत्तर तसंच म्हटलं तर लांबेल. त्यातलं निदान, क्रमाचा बदल आणि प्लॅनिंगचा विरोध एवढं ठेवा, बाकीचं विचारल्यावर काढा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला मिनिट परिस्थितीतच गेलेला असतो.

कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, आतले आकडे सांगितले तर चालतं का?

नाव आणि पार्ट नंबर नको. "एक ट्रॅक्टर कंपनी", "गिअर हाउसिंग" पुरे. समोरची कंपनी तुमच्या कंपनीची स्पर्धक असेल तर दर, मार्जिन, कस्टमरचे करार यांच्या जवळपासही फिरकू नका. कधीकधी मुद्दाम खोदून विचारतात. "सर, तो आकडा मला बाहेर सांगता येणार नाही, टक्क्यांत सांगतो" असं शांतपणे म्हणा. त्याने गुण कापले जात नाहीत. आज त्यांचं सांगणारा उद्या आमचंही सांगेल, हे टेबलाच्या या बाजूलाही कळतं.

आकडे आठवत नसतील तर?

अंदाज अंदाज म्हणून सांगा: "नऊच्या आसपास, नक्की आकडा रजिस्टरला आहे." दशांशापर्यंतचा आकडा छातीठोक सांगून पुढच्या प्रश्नाला तो बदलला, तर आधीचं सगळंच संशयात येतं. नोकरीत असतानाच महिन्याचा आकडा स्वतःच्या वहीत टिपून ठेवायची सवय लावा. फक्त टक्के आणि महिना, कंपनीची कागदपत्रं नव्हेत.

प्रोजेक्ट अर्धवट राहिला किंवा फसला असेल तर सांगावा का?

अडथळा बाहेरचा होता आणि तुम्ही त्यात काही ठरवलंत, तर जरूर सांगा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा इथल्या डिस्पॅचवाल्यांचे सगळे प्लॅन पाण्यात गेले. त्या दिवसांत कस्टमरला रोज किती वाजता काय कळवलं, कोणता माल आधी बाहेर काढायचा हे कशावरून ठरवलं, रस्ता सुटल्यावर पहिल्या गाड्यांत काय भरलं, हे सांगणारा उमेदवार "शंभर टक्के ऑन टाइम डिलिव्हरी" वाल्यापेक्षा जास्त लक्षात राहतो. पण पूर हे उत्तर परिस्थितीपुरतंच आहे. अ‍ॅक्शनमध्येही पूरच येत राहिला तर तुम्ही त्यात कुठेच नव्हतात असा अर्थ निघतो.

मी फ्रेशर आहे. कॉलेजचा प्रोजेक्ट चालेल का?

चालेल. फक्त प्रोजेक्टचं शीर्षक आणि थिअरी सांगत बसू नका. चौघांच्या ग्रुपमध्ये एकजण येईनासा झाला तेव्हा काम कसं वाटलं, उद्यमनगरच्या वर्कशॉपवाल्याने शाफ्ट मापात दिला नाही तेव्हा काय केलं, गाइडने डिझाइन नाकारल्यावर काय बदललं, यातच तुमची अ‍ॅक्शन आहे. प्रोजेक्ट विकत आणला असेल तर तो विषयच काढू नका. बेअरिंग कोणतं वापरलं आणि तेच का, एवढ्या एका प्रश्नात ते उघडं पडतं.

उत्तर मराठीत दिलं तर चालेल का?

इथल्या मुलाखतीत अर्धंअधिक मराठीतच चालतं. पुण्या-बंगळुरूला इंग्रजीत सुरुवात करा, आणि निदानाच्या भागात अडखळलात तर "मे आय एक्सप्लेन धिस पार्ट इन हिंदी?" असं विचारून टाका. तांत्रिक मुद्दा नीट समजणं त्यांनाही हवं असतं. पाठ केलेल्या इंग्रजी उत्तराला उपप्रश्न आला की भाषा एकदम बदलते आणि पाठांतर उघडं पडतं. म्हणून वाक्यं पाठ करू नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आठ-दहा शब्द लिहा: 9 टक्के, कोप, तासाचा खडू, 55 अंश, सलग सहा तास, आलटून पालटून, बारा मिनिटं, 5.2, ऑगस्टचा आठवडा. तेवढ्यावरून घरातल्या कुणाला तरी गोष्ट सांगा, रोज थोड्या वेगळ्या वाक्यांत. फाउंड्री न पाहिलेल्या माणसाला वाळू का तापली ते कळलं, तर एचआरच्या मॅडमनाही कळेल.